फोटोखालची तारीख

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कसबा बावड्यात मी आजवर काय काय वाण म्हणून घेतलंय ते आठवलं तरी हसू येतं. प्लास्टिकच्या वाट्या, चहाच्या गाळण्या, तळाला भोक असलेला तांब्या, एकदा तर डास मारायची बॅट. पण मिरचीचा फवारा, म्हणजे पेपर स्प्रे, पदरात पडेल आणि तोही एका पुरुषाच्या हसऱ्या फोटोसकट, असं काही वाटलं नव्हतं.

हा फोटोतला पुरुष म्हणजे आमच्या वॉर्डातले भावी. नाव कशाला घ्या? चौकातल्या फलकावर त्यांच्या नावाआधी 'भावी नगरसेवक' असं लिहिलेलं असतं आणि ते इतकी वर्षं तसंच आहे, की आता सगळे त्यांना नुसतं भावीच म्हणतात. महापालिकेची निवडणूक पुढं पुढं ढकलली जात होती आणि भावी भावीच राहत होते. माणसाला आशा असावी, पण तिला काही लाज?

हळदीकुंकू भावींच्या बायकोचं. मंगल कार्यालय, लाल गालिचा, दारात गुलाबपाण्याचा फवारा. शिरणाऱ्या प्रत्येक बाईला हळदीकुंकू, तिळगूळ आणि हातात एक छोटी काळी डबी. डबीवर चकचकीत कागद चिकटवलेला, त्यावर हात जोडलेले भावी आणि खाली 'माझ्या भगिनींचे रक्षण, हाच माझा पण'. असा पण केलेला हा माणूस आमच्या वस्तीच्या रस्त्यावरचा एक दिवा लावू शकला नव्हता. मेन रोडवरून आमच्या घरांकडे येताना मधे उसाची शेतं लागतात, तिथले खांब नुसतेच उभे. अर्ज देऊन लोक दमले. दिव्याचं काम जमत नाही म्हणून मग डब्या वाटायच्या, म्हणजे बायकांनी आपलं आपण बघावं.

मी मुलींच्या शाळेत खेळ शिकवते. मुलींना स्वसंरक्षणाचे वर्ग घेताना पेपर स्प्रे मी स्वतः वापरून बघितलेला आहे, शिकून घेतलेला आहे. त्यामुळं भावींच्या बायको, म्हणजे सगळ्या वॉर्डाच्या वहिनी, माईक घेऊन बोलायला लागल्या तेव्हा मला खुर्चीत बसवेना.

"पंधरा-वीस फुटांवरनं मारायचा," त्या म्हणाल्या. "माणूस जवळ येऊच द्यायचा न्हाई!"

बायकांनी टाळ्या वाजवल्या. वीस फूट! पर्समधे मावणारी ती एवढीशी डबी फार तर आठ-दहा फूट जाते, तेही नवी असली आणि वारा आडवा आला नाही तर. त्यापलीकडं मारलं की मिरची हवेत आणि माणूस जिथल्या तिथं. शिवाय डबीत असतं किती? बोट दाबून धरलं तर काही क्षणांत रिकामी. वीस फुटांवर ती उधळून टाकायची आणि मग तो जवळ आला की काय करायचं, तिळगूळ द्यायचा?

माझ्या शेजारी बसली होती आमच्या पलीकडच्या घरातली आक्का आणि तिची सून. आक्का म्हणजे खमकी बाई. दोन म्हशी, पहाटे उठून डेअरीला दूध घालायला जाणार, घर हाताच्या मुठीत. सून बीएस्सी झालेली, शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत साच्याची वाळू तपासायच्या लॅबमधे कामाला. लग्नाआधीपासूनची नोकरी. आक्कानं ती चालू ठेवू दिली होती ती एका अटीवर, आणि ती अट तिनं सगळ्या गल्लीला ऐकवलेली होती. "काय वाईट-वंगाळ कानावर आलं की त्या दिवशी नोकरी बंद. मला जास्त बोलायला लावू नगा."

आणि कानावर येण्यासारखं सुरू झालेलं होतं. कंपनीची बस सुनेला मेन रोडला सोडायची. तिथून उसाच्या कडेनं घरापर्यंत ती चालत यायची. थंडीच्या दिवसांत तेवढ्यात अंधारून यायचं. गेले काही दिवस एक मोटरसायकलवाला तिच्या मागं मागं हळू गाडी चालवत यायचा, काहीबाही बोलायचा. तिनं ते घरी सांगितलं नव्हतं. मला सांगितलं होतं. "काकू, सांगितलं तर तो राहील बाजूला आणि मीच घरी बसीन," असं म्हणाली होती, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

म्हणून त्या कार्यालयात सगळ्या बायका डबी पिशवीत टाकून जेवायच्या रांगेला लागल्या तेव्हा ती एकटीच डबी हातात घेऊन निरखत होती. तिला ती खरोखर हवी होती.

घरी आल्यावर आक्कानं आपली डबी हळदीकुंकू लावून तिजोरीच्या कपाटात पैठणीशेजारी ठेवली. वाण आहे, वापरायचं कसं? आमच्याकडं वाणाचं असंच असतं. अर्ध्या बायका ते पुढच्या वर्षी दुसऱ्या बाईला वाण म्हणून देतात आणि दुसरी तिसरीला. चहाची गाळणी अशी फिरली तर कुणाचं काही बिघडत नाही. जीव वाचवायच्या वस्तूला हीच रीत लावली की झालंच कल्याण.

सुनेनं तिची डबी मला आणून दिली. "कसं वापरायचं दाखवा."

मी आधी मुदतीची तारीख शोधायला लागले. ती असतेच. सापडेना. डबी उलटसुलट केली, सगळीकडं भावी. मग लक्षात आलं की कंपनीनं जिथं वापरायची रीत आणि तारीख छापलेली असते, नेमका तिथंच भावींचा फोटो. खोबरेल तेल लावून कागद खरवडला. वरच्या भावींखाली अजून एक भावी निघाले. जरा तरुण, जरा जास्त केस असलेले, घोषणाही जुनी. ते भावीही खरवडले. त्यांच्या खाली तारीख. ती केव्हाच उलटून गेलेली.

मग सगळं उलगडलं. निवडणूक लागणार म्हणून यांनी मागं कधीतरी खोकी भरून माल घेतला होता. निवडणूक ढकलली, खोकी पडून राहिली, ती कुठं तर गोडाऊनच्या पत्र्याखाली. एप्रिल-मेच्या उन्हात त्या पत्र्याखाली पापड भाजले असते. डबीतला वायू उन्हानं फुगतो, वरच्या बारीक रबरातून थोडाथोडा निसटत राहतो. म्हणून तर आपली गाडी उन्हात असताना तिच्या डिकीतसुद्धा ही डबी ठेवू नये म्हणतात. आता निवडणुकीचं वारं पुन्हा सुटलं तशी यांनी खोकी काढली, फोटोवर फोटो डकवला आणि वाटली.

तरी खात्री करावी म्हणून आम्ही दोघी मागच्या रिकाम्या प्लॉटवर गेलो. वारा पाठीकडून घेतला, कुंपणाच्या भिंतीकडं तोंड केलं आणि मी दाबलं. भिंत चार पावलांवर होती. फवारा निघायचा सोडून 'फुस्स' झालं आणि लालसर तेलकट पाणी नळीतून माझ्या बोटावर ओघळलं. साबणानं कितीदा हात धुतले तरी झोपेपर्यंत बोटं आग आग करत होती.

राग आला म्हणजे मला गप्प बसता येत नाही. दुसऱ्या दिवशी ती डबी घेऊन मी भावींच्या घरी गेले. वहिनी सोफ्यावर बसल्या होत्या. मी तारीख दाखवली.

"वाणाला नावं ठिवू नयेत ओ बाई," त्या म्हणाल्या. "आनि मिरची कधी खराब होती व्हय? आमची कांदालसूण चटणी वर्स-वर्स टिकती की!"

"चटणीला डब्यातून उडी मारून कुणाच्या डोळ्यांत जायचं नसतं, वहिनी," मी म्हणाले. "मिरची टिकते. तिला बाहेर फेकणारा जोर संपतो. तो संपला की ही नुसती तिखटाची बाटली."

आतून भावी आले. दाढीला रंग, कपाळाला गंध. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पोट धरून हसले. "बाई, कोल्हापूरची मानसं आपुन. तांबड्या रश्शावर वाढल्याली. असल्या फवाऱ्यानं आपल्या गड्याला काय व्हतंय? धाक असतोय त्याचा, धाक! हातात दिसली की पळतंय पाक."

जिभेला सवय झाली म्हणजे डोळ्यांना झाली असं समजणारी माणसं आमच्या गावात पुष्कळ आहेत. मिरची कांडपाच्या गिरणीत उभ्या असलेल्या बाईला विचारा, नुसती धूळ उडाली तरी घशाचं काय होतं ते. स्प्रेत तर मिरचीचा अर्क असतो. तो डोळ्यांत गेला की पापण्या आपोआप मिटतात, उघडू म्हटलं तरी उघडत नाहीत. नाक, घसा पेटतो, ठसक्यावर ठसका लागतो, श्वास घेताना छाती आवळते. अर्धा-पाऊण तास माणूस कामातून जातो. रश्श्याच्या वाट्या मोजून त्यातून सुटका नसते. पण हे कुणाला सांगायचं? ज्याच्या डोक्यात स्वतःचा फलक लागलेला आहे त्याला? मी चहा न घेता उठले.

शहरात जाऊन सुनेनं नवी डबी आणली. तारीख बघून, दुकानदाराला दोन-चार खोक्यांतली सगळ्यात नवी काढायला लावून. नंतर आठवडाभर मी तिला माझ्या अंगणात तयार केलं, इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायच्या बाटलीनं. मी अंगावर चालून जायची, तिनं मला भिजवायचं.

पहिल्या दिवशी ती पर्समधे हात घालून चाचपत राहिली. डब्याखाली डबी, डबीवर रुमाल. मी तिच्या खांद्यावर थाप मारली तरी तिची शोधाशोध चालूच. "आता तू मेलीस," मी म्हणाले. त्या दिवसापासून बसमधून उतरतानाच डबी मुठीत आणि अंगठा खटक्यावर. खटका आडवा सरकवल्याशिवाय ती दाबली जात नाही, हे अंधारातही बोटांना कळलं पाहिजे. आधी वारा बघायचा. तोंडावर येत असला तर आडवं सरकायचं, नाहीतर आपलीच मिरची आपल्याला. तो अगदी अंगाला भिडेपर्यंत थांबायचं नाही आणि लांब असताना दाबायचंही नाही. दोन-तीन पावलांवर आला की डोळ्यांवर एक छोटा फवारा, बाजूला उडी आणि पळ. बघत उभं राहायचं नाही.

"त्याला काय झालं ते बघायचं सुद्धा नाही?" तिनं विचारलं.

"सिनेमा आहे होय? पळायचं."

आणि एका संध्याकाळी तो आला. हे तिनंच मला नंतर सांगितलं, माझ्या ओट्यावर बसून.

ऊस तोडायला आला होता, वस्तीकडच्या रस्त्याला चिटपाखरू नव्हतं. त्यानं गाडी पुढं नेली आणि आडवी घातली. खाली उतरला. तिनं डबी वर धरली. तो घाबरला नाही, हसला.

"वाण मिळालं व्हय? आमच्या बहिनीनं झुरळावर मारून बघितलंय. झुरळ बी मेलं न्हाई!"

भावींचा धाक तो हा. सगळ्या वॉर्डात त्या डब्यांची किंमत माहीत झालेली होती, आणि सर्वांत आधी ज्यांना माहीत व्हायला नको त्यांना. तो हसत हसत जवळ आला. वारा उसाकडून येत होता. ती दोन पावलं उसाच्या बाजूला सरकली, वारा पाठीला घेतला, आणि तो दोन-तीन पावलांवर आल्यावर तिनं दाबलं.

तो ओरडला सुद्धा नाही म्हणे, आधी नुसता श्वास अडकल्यासारखा आवाज आला. दोन्ही हात तोंडावर, मग ठसका, मग मागं सरकताना स्वतःच्याच गाडीवर आदळला. ती पळाली. मेन रोडच्या चहाच्या गाड्यावर पोचेपर्यंत ओरडत राहिली. लोक धावत गेले तेव्हा तो बांधाला बसून डोळे चोळत होता आणि चोळून आग वाढवत होता. पोलिसांनी त्याला नेलं.

गोष्ट सगळ्या बावड्यात झाली. आक्काच्याही कानावर गेली. तिनं काही आदळआपट केली नाही, तेच वाईट. सून दुसऱ्या दिवशी डबा भरायला लागली तर तिनं फक्त पोळ्यांचं भांडं उचलून आत नेलं. सून घरी बसली. लॅबवाले फोन करत होते, ती काहीतरी आजारपण सांगत होती. माझ्याकडं येऊन एकदा रडली. "मी सगळं बरोबर केलं ना, काकू? मग मीच का घरात?"

आणि इकडं चौकात नवा फलक लागला. 'भावी नगरसेवकांच्या वाणाने वाचली भगिनीची लाज! रणरागिणीचा जाहीर सत्कार.' खाली भावी, शेजारी वहिनी, कोपऱ्यात विजेसारखं काहीतरी चमकणारं. मी भावींना फोन करून सांगितलं, ती डबी तुमची नव्हती. तर म्हणाले, "प्रेरना तर आमचीच की, बाई!" बेशरमपणालाही एक उंची असते, यांनी ती केव्हाच ओलांडली होती.

सुनेला जायचं नव्हतं. आक्का म्हणाली, "बोलवलंय तर जाऊ. लोकांनी म्हनाय नगं की तोंड लपवून बसल्यात." म्हणून आम्ही तिघी गेलो.

चौकात उघड्यावर मांडव होता. टेबलावर शाल, श्रीफळ, गुच्छ आणि शोभेला वाणाच्या डब्यांचा मनोरा. भाषणं झाली. सुनेला वर बोलावलं. सूत्रसंचालन करणाऱ्यानं मनोऱ्यातली एक डबी तिच्या हातात कोंबली आणि म्हणाला, "ताई, कसा फवारा मारला ते जरा सगळ्यांना दाखवा!"

ती माझ्याकडं बघायला लागली. मी होकाराची मान हलवली. लोक मागं होते, वारा मांडवाच्या मागच्या बाजूला वाहत होता. समोर टेबल, आणि त्यामागं पडद्यावर भावींचा माणसाहून मोठा चेहरा. तिनं खटका सरकवला, हात त्या चेहऱ्याकडं लांब केला. खरे भावी पडद्याखाली खुर्चीत बसलेले होते. ते झपकन उठून वहिनींच्या मागं गेले. तांबड्या रश्शावर वाढलेला गडी.

तिनं दाबलं. फुस्स. लालसर धार नळीच्या तोंडाशी लोंबली आणि थेंब थेंब खाली गळाली, नेमकी श्रीफळावर आणि शालीच्या काठावर. पुढच्या रांगेतली एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "काय न्हाईच की ह्यात!"

बायका हसल्या. भावी सावरले, पुढं आले, माईक घेतला. "बारीकसा तांत्रिक दोष!" असं म्हणत त्यांनी श्रीफळ उचललं, ओलं लागलं म्हणून तळव्यानं पुसलं, आणि सत्काराआधी कपाळावरचा घाम त्याच तळव्यानं निपटून डोळ्यांपर्यंत आणला.

वाक्य काही पुरं झालं नाही. आधी एक डोळा मिटला, मग दुसरा. माईकवर त्यांचा ठसका सगळ्या चौकाला ऐकू गेला. "पानी! पानी!" कार्यकर्त्यांनी बाटल्या ओतल्या, तेलकट मिरची गालावर, मानेवर पसरली. कुणीतरी शालीनं तोंड पुसलं, त्याच शालीनं. मिरची शिळी होत नाही हे वहिनींचं म्हणणं अगदी खरं ठरलं.

चोळू नका, साबण लावून भरपूर पाण्यानं धुवा, वाऱ्यावर बसवा, हे मी सांगितलं. सांगायला वर जाताना पायऱ्या जरा सावकाश चढले, एवढंच.

परत आल्यावर आक्का घरात शिरली ती सरळ कपाटाकडं गेली. पैठणीशेजारची हळदीकुंकू लावलेली डबी काढली, नखानं भावी खरवडले, खालचे भावीही खरवडले, आणि उंबऱ्यात उजेडाला धरून तारीख बघितली. मग ती डबी माझ्या हातात दिली.

"बाई, नवी कुठं मिळती?"

"सुनेकडं आहे की, आक्का. चांगली आहे."

"तिच्याजवळ हाय ते ठावं हाय मला. ती उद्या कामाला जाताना घिऊन जाईल." आक्कानं पदर खोचला, सुनेकडं न बघता. "मी माझ्यासाठनं इचारतोय. लगीन झाल्यापासनं पहाटं अंधारात डेअरीला जातोय मी, त्याच उसाकडनं. मला कुनी इचारलंय का कधी, भ्या वाटतंय का म्हनून?"